बाळंतिणीचं हिमोग्लोबिन कोण बघतं?

जिंतूर तालुक्यातली एक बाळंतीण डोळ्यांसमोर आणा. बाळ तीन आठवड्यांचं, गुटगुटीत. आई मात्र न्हाणीपर्यंत गेली तरी धापते, उठताना तिला भोवळ येते, छातीत धडधडतं. सासू म्हणते, ‘ओली बाळंतीण हाय, असंच असतंय.’ जागरणाने थकवा येतोच, पण न्हाणीपर्यंत जाण्याने धाप लागत नाही.

तिचा हिशेब मांडून बघा. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.६. प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव सुमारे ८०० मिलिलिटर. ५०० च्या वर गेला की तो अतिरक्तस्राव धरतात. त्या रक्ताबरोबर अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह गेलं. साठा आधीच रिकामा होता. आता तपासणीत हिमोग्लोबिन ७.४ आणि साठा दाखवणारं फेरिटिन ८ निघालं. ते ३० च्या खाली गेलं तरी कमतरता मानतात.

मग दवाखान्यातून सोडताना हे कळलं कसं नाही? रक्त वाहतं तेव्हा पेशी आणि पाणी दोन्ही एकदमच जातात, त्यामुळे लगेच तपासलं तर आकडा बरा दिसतो. पुढच्या एक-दोन दिवसांत शरीर पाणी ओढून घेतं, रक्त पातळ होतं आणि खरी घट दिसते. प्रसूतीच्या दिवशीच्या चाचणीवर विसंबणं म्हणूनच धोक्याचं.

वजन ४५ किलो धरलं, तर हिमोग्लोबिन १२ वर न्यायला आणि साठा भरायला तिला सुमारे १००० मिलिग्रॅम लोह हवं. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम असतं, पण अंगी लागतं जेमतेम सहा ते बारा. म्हणजे एकही दिवस न चुकता घेतली तरी तीन ते साडेपाच महिने. त्यातच ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली, तर तेवढंही शोषलं जात नाही. अळिवाची खीर जरूर द्यावी, पण एवढी तूट ती भरून काढणार नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून लोह देतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका सलाइनमध्ये १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, तर दाखल करून रक्त द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे अनेकींना प्रसूतीतला जास्तीचा रक्तस्राव सोसण्याची ताकदच उरलेली नसते. दवाखान्यात प्रसूती झाली, तर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात आणि बाळाचं वजन करतात. पण आईच्या रक्ताचं काय? जिला जास्त रक्तस्राव झाला, तिचं हिमोग्लोबिन ४८ तासांनी आणि पुन्हा सहाव्या आठवड्यात तपासलंच पाहिजे, आणि दोन्ही आकडे तिच्या कार्डावर लिहिले गेले पाहिजेत. जिल्हा आरोग्य विभागाने एवढं सक्तीचं करावं.