नाव न घेता ओळख

आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांची संहिता वाचताना एक गोष्ट अलीकडे सतत जाणवते. लेखकाला एखादा पुढारी, एखादा नट किंवा एखाद्या कंपनीचा माल रंगमंचावर आणायचा असतो. पण नाव घ्यायचे धाडस नसते किंवा परीक्षकांनी आधीच मनाई केलेली असते. मग नावातले एक अक्षर बदलले जाते, पात्राच्या तोंडी एक गाजलेले वाक्य घातले जाते, कपाळावर विशिष्ट आकाराचा टिळा काढला जातो. प्रेक्षक हसतात आणि लेखकाला वाटते, आपण नाव घेतले नाही. माझ्या मते त्याने नावच घेतलेले असते, फक्त ते तोंडाने न उच्चारता खुणेने सांगितलेले असते. नाव टाळणे आणि नमुना घडवणे या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि आपल्याकडे पहिलीलाच दुसरी समजण्याची चूक रूढ झाली आहे.

या बाबतीत मराठी रंगभूमीजवळ शंभर वर्षांहून जुना धडा आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आले. कथानक महाभारतातल्या विराटपर्वाचे. या नाटकात लॉर्ड कर्झनचे नाव कुठेही नाही, इंग्रजांचे नाही, वंगभंगाचेही नाही. तरी 1910 साली लंडनच्या ‘टाइम्स’मधील लेखाने आपल्या वाचकांना सांगितले, की नाव उच्चारले जात नसले तरी कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला कळते. त्याच वर्षी सरकारने नाटकावर बंदी घातली. म्हणजे नाव गाळणे हे चिलखत नव्हते. ‘मी कुणाचे नाव घेतले का?’ हा आजच्या लेखकाचा आवडता बचाव तेव्हाही चालला नाही.

पण ओळख पटली ती कशाने? खाडिलकरांनी कर्झनचा चेहरामोहरा कीचकावर चढवला नाही. पुराणातल्या पात्राला तसा चढवताही आला नसता. त्यांनी परिस्थितीची मांडणी उचलली. वर नावापुरता राजा, पण खरी सत्ता त्याच्या मेहुण्याच्या हातात. दासीपणात दिवस काढणारी, अपमान सोसणारी राणी. तिच्या पतींपैकी एक धीर धरा म्हणणारा आणि दुसरा हात शिवशिवणारा. प्रेक्षकाने 1905 सालची फाळणी आणि त्यानंतरचा मवाळ-जहालांचा वाद नुकताच अनुभवला होता. ती मांडणी समोर दिसताच रिकाम्या जागेत नाव त्याने स्वतः भरले. लेखकाने नाव सांगितले असते तर प्रेक्षक ऐकणारा राहिला असता. न सांगितल्यामुळे तो साक्षीदार झाला. शिवाय नाटक आले तेव्हा कर्झन हिंदुस्थान सोडून गेलेला होता. माणूस गेला तरी नमुना टिकला, कारण तो माणसाच्या नाकाडोळ्यांवर उभा नव्हता.

आता आपल्या जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. यवतमाळने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले: वसंतराव नाईक (1963 ते 1975) आणि सुधाकरराव नाईक (1991 ते 1993). समजा, इथल्या कुणा तरुणाला मुख्यमंत्र्याची कथा लिहायची आहे. त्याने पात्राच्या हाती पाईप दिला, की इथला वाचक लगेच पुसदकडे बघतो. पात्र तिथेच संपते. पुढे त्याने काय केले, कुणाला दुखावले, कशाला भ्यायला, यापेक्षा ‘हे खरेच घडले होते का’ हाच प्रश्न वाचकाला छळतो. एका पाईपमुळे कथा चरित्राच्या कोर्टात उभी राहते.

याउलट अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी केलेला, विजय तेंडुलकरांची पटकथा असलेला ‘सिंहासन’ (1979) पाहा. मुख्यमंत्री जिवाजीराव, त्यांच्या खुर्चीकडे डोळे लावून बसलेला त्यांचाच अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, कामगारनेता डिकास्टा, आणि हे सारे जवळून पाहणारा पत्रकार दिगू. तेव्हाच्या वाचकांनी कोण कुणावरून घेतला याचे तर्क केले असतीलच. पण एका पात्राला एकच माणूस चपखल बसत नाही. ओळख पटते ती संबंधांमधून. आपल्याच माणसांची मोजदाद करीत बसलेला नेता आणि त्याच्याशी गोड बोलत आमदार जमवणारा सहकारी, हे नाते पुन्हा पुन्हा घडते. म्हणून पुढच्या प्रत्येक सत्तांतराच्या वेळी लोकांना ‘सिंहासन’ आठवतो.

वस्तूंच्या बाबतीतही हेच. कापूस उत्पादकावर कथा लिहिणारे बियाण्याच्या कंपनीचे नाव थोडे वाकडे करून छापतात. त्याने कथेत काहीच येत नाही, फक्त कोडे येते. त्याऐवजी 2010च्या सुमाराच्या मृगातला शेतकरी पाकीट फोडताना दाखवा. बीटी सरकीचे साडेचारशे ग्रॅमचे पाकीट, आणि त्यासोबत बिगरबीटी सरकीची एकशेवीस ग्रॅमची वेगळी पुडी. ही पुडी बांधाच्या कडेने लावायची, म्हणजे बोंडअळीला खायला साधी कपाशी मिळेल आणि बीटीला दाद न देणारी अळी लवकर तयार होणार नाही, असा तो हिशेब. पण आपल्या पात्राला बांधालगतच्या चार ओळी अळीला देणे परवडत नाही. तो पुडी कोनाड्यात टाकतो. बोधचिन्ह नाही, नाव नाही, तरी कळंब-राळेगावच्या वाचकाला माल कोणता ते नेमके कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुढे गुलाबी बोंडअळी आली तर तिचे बीज कथेत आधीच पडलेले असते. ज्या तपशिलातून ओळख पटते त्याच तपशिलातून कथा पुढे सरकते. चिन्हाला हे कधी जमत नाही.

आपल्या शेतकऱ्यांना ही कला उपजत आहे. तणनाशक सोसणारे, सरकारी मान्यता नसलेले बियाणे गावोगाव पोचले, तेव्हा त्याला लोकांनी ‘चोर बीटी’ म्हटले. त्या दोन शब्दांत कंपनी नाही. पण माल कुठून येतो, बिल का मिळत नाही, उगवले नाही तर तक्रार कुठेच का करता येत नाही, हे सगळे आहे.

लिहिणाऱ्याने आपला मजकूर तपासण्याची एक साधी रीत मला उपयोगी वाटते. खूण वाटणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे पाईप, टिळा, लकब, घोषवाक्य, खोडून टाका आणि उरलेले कुणाला तरी वाचून दाखवा. ‘हा अमुकच ना?’ असे त्याने अजूनही विचारले, तर एखादा खाजगी तपशील अद्याप लपून बसला आहे. त्याला काहीच ओळखू आले नाही, तर आपल्याजवळ खुणांखेरीज काही नव्हते. आणि ‘असा एक आमच्याकडेही आहे’ असे तो म्हणाला, तर नमुना साधला.

यालाही मर्यादा आहे. जिथे प्रत्यक्ष माणसाने केलेल्या प्रत्यक्ष कृत्याचा जाब विचारायचा आहे, तिथे नमुन्याआड लपणे भित्रेपणाचे ठरते. तिथे पुराव्यासह नाव घेऊन लेखच लिहावा. नमुना आरोपाची जागा घेऊ शकत नाही. त्याचे काम वेगळे आहे: उद्या खुर्चीवर दुसरा कुणी बसला, तरी वाचकाने त्याला ओळखावे.