दोन वर्षे थांबतो आहे. पण टाकून जात नाही



या लेखानंतर पुढची दोन वर्षे इथे नवीन काही येणार नाही. घरची जबाबदारी आणि हातातले एक मोठे काम, दोन्हींना वेळ हवा आहे. कारण एवढेच आहे. त्याचा कुणाच्या दबावाशी किंवा रागाशी संबंध नाही. यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न आजवर लिहिलेल्या लेखांचे काय, हा आहे.

थांबण्याचा विचार बोलून दाखवला तेव्हा तीन सल्ले मिळाले. पहिला : 'काही करू नकोस, इंटरनेटवरचे कुठे जात नाही.' दुसरा : 'जाताना वादग्रस्त लेख तेवढे काढून टाक, उगाच डोक्याला ताप नको.' तिसरा : 'दुसऱ्या कुणाला तरी तुझ्या नावाने चालवायला दे.' तिन्ही सल्ले आपुलकीचेच होते आणि तिन्ही मला चुकीचे वाटतात.

पहिला सल्ला सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत खोटा आहे. ऑर्कुटवर मराठी माणसांनी किती वाद घातले होते ते आठवा. ते २०१४ साली बंद झाले. याहू ग्रुप्सवरचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार २०१९ च्या अखेरीस पुसला गेला. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडले, तरी त्याचे अंक आजही ग्रंथालयात मिळतात. कागदाच्या बाजूने कायदा उभा आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते, आणि पुढे त्यात नियतकालिकेही आली. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकीच एक. पडद्यावरच्या मजकुराला असे घर नाही. ब्रिटनने २०१३ पासून आपल्या संकेतस्थळांच्या प्रती ग्रंथालयात ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडे लिहिणाऱ्यानेच स्वतःचे ग्रंथालय व्हावे लागते.

मी 'काही केले नाही' तर काय होईल, ते माझ्याच उदाहरणावरून पाहा. हा ब्लॉग गूगलच्या खात्यावर आहे. दोन वर्षे वापरात नसलेले खाते आपण काढून टाकू शकतो, असे गूगलने २०२३ साली जाहीर केले. माझी सुट्टी दोन वर्षांची आणि त्यांची मुदतही तेवढीच! दुसरी गोष्ट पत्त्याची. वरच्या पट्टीत दिसणारे नाव माझ्या मालकीचे नाही, वर्षाच्या भाड्याने घेतलेले आहे. .com नावाचे भाडे थकले की आधी काही दिवसांची सवलत मिळते. मग साधारण महिनाभर जबर दंड भरून ते सोडवता येते. त्यानंतर पाच दिवसांनी ते कुणालाही घेता येते. जुन्या, लोकांनी दुवे दिलेल्या नावांवर जुगाराच्या जाहिराती लावणाऱ्यांचा डोळा असतोच. उद्या कुणी आपल्या लेखात माझा संदर्भ दिला असेल आणि वाचक तिथे गेल्यावर त्याला रमीचे आमंत्रण मिळाले, तर त्यात अब्रू दोघांची जाते.

म्हणून मी काय केले ते सांगतो. नावाचे भाडे एकदम दहा वर्षांचे भरले आहे. त्याहून जास्त एका वेळी भरता येत नाही. ब्लॉगची चावी घरातल्या आणखी एका माणसाला दिली आहे, म्हणजे त्याच्या खात्यालाही ॲडमिन केले आहे. दर सहा महिन्यांनी मी खाते उघडेन. नाहीच उघडले, तर ठरलेल्या मुदतीनंतर त्याला आपोआप कळेल, अशी सोय गूगलच्या खात्यात असते, ती लावली आहे.

सगळ्या मजकुराची प्रत उतरवून घेतली आहे. इथे एक खाच आहे. ब्लॉगर जी बॅकअप फाइल देतो तिच्यात लेख आणि प्रतिक्रिया येतात, चित्रे येत नाहीत. चित्रांचे फक्त पत्ते येतात. फाइल हाती आली म्हणजे काम झाले, असे समजणारे तिथेच फसतात. खात्री करायची असेल तर रिकामा, खासगी ब्लॉग उघडून त्यात ती फाइल चढवून बघावी. मी तसे केले आणि चित्रे वेगळी साठवली. शिवाय प्रत्येक लेखाची नोंद इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर केली. पण तीही एकच संस्था आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्ला झाल्यावर ती काही दिवस बंदच होती. म्हणून तिसरी प्रत पीडीएफमध्ये, दोन वेगळ्या घरांत ठेवली आहे.

आता दुसरा सल्ला. तिहेरी तलाकवर मी २०१७ च्या निकालाआधी लिहिले, नंतर लिहिले, आणि २०१९ च्या कायद्यावरही लिहिले. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. ते लेख काढले तर त्यांना उत्तर देणाऱ्यांचे म्हणणे अधांतरी लोंबकळेल. ज्याने माझे खोडून काढले, त्याचाही माझ्या मूळ मजकुरावर हक्क आहे. आणि खाली तुम्ही लिहिलेल्या प्रतिक्रिया माझ्याकडे अमानत आहेत. लेख पुसला की त्याही जातात. म्हणून एकही लेख निघणार नाही, एकही ओळ बदलणार नाही. नवीन प्रतिक्रिया मात्र आजपासून बंद, कारण राखण नसलेल्या शेतात गुरे शिरतात.

तिसऱ्या सल्ल्याला उत्तर सोपे आहे. माझ्या नावाखाली दुसऱ्याचे मत छापणे ही वाचकाची फसवणूक आहे. ज्याला लिहायचे आहे त्याने स्वतःच्या नावाने लिहावे. मी त्याचा पहिला वाचक होईन.

पण माझे लेख पुढे न्यायला वाट हवी, आणि इथे आपण सगळेच गाफील असतो. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे हक्क लेखकाकडे व त्याच्या वारसांकडे राहतो. 'कुणीही वापरा' असे लिहून ठेवले नाही, तर प्रामाणिक माणूस परवानगीअभावी थांबतो आणि चोर तेवढा छापतो. मेल्यावर वारसांचा शोध कोण घेत बसणार? म्हणून आजपासून माझे सगळे लेख क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुले करतो आहे. छापा, वाटा, उर्दूत-हिंदीत अनुवाद करा. अटी दोनच : लेखकाचे नाव द्या, आणि तुमचा अनुवादही असाच खुला ठेवा. पाहुण्या लेखकांचे लेख आणि इतरांनी काढलेली छायाचित्रे यात येत नाहीत. त्यांचा हक्क त्यांचाच आहे, त्यांना विचारा.

आपल्यातले कितीतरी लिहिणारे एक दिवस गुपचूप नाहीसे होतात. शेवटचा लेख तसाच राहतो, मग चित्रे दिसेनाशी होतात, मग पानच उघडत नाही. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांकडे आधीच जपून ठेवलेले फार नाही, आणि 'तुम्ही कधी बोललातच कुठे?' हा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. बोललो होतो, हे दाखवायला पान जागेवर असावे लागते. तुमचा स्वतःचा ब्लॉग असेल तर या आठवड्यात एवढे तरी करा : बॅकअप उतरवा, तो उघडून बघा आणि चावी आणखी एकाला द्या.

दोन वर्षांनी भेटू. तोवर पत्ता हाच.

खुदा हाफिज.