नावं तोडण्याआधी क्रम विचारा

पूर्ण नावाचे तीन कॉलम कसे करायचे, हे मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं. बटण कुठलं दाबायचं ते दोन मिनिटांत सांगता येतं, पण माझं मत असं आहे की आधी ते बटण दाबूच नका. मी दाबलं होतं, आणि त्याचा ताप मला दुकानात सोसावा लागला.

झालं असं. आजऱ्यातल्या माझ्या दुकानाची गिऱ्हाईकांची यादी दोन ठिकाणांहून गोळा झालेली. काही नावं जुन्या उधारीच्या वहीतून आली, तिथं आडनाव आधी: "पाटील विलास शंकर". बाकीची गिऱ्हाईकांनी आधारवर आहे तशी लिहून दिलेली: "संजय विलास पाटील". (उदाहरणातली नावं बदललीत.) वहीतली नावं जास्त म्हणून मी सरसकट दुसरा शब्द म्हणजे माणसाचं स्वतःचं नाव असं धरलं आणि उधारीचे मेसेज सोडले. संजयच्या ओळीत दुसरा शब्द "विलास", म्हणजे त्याच्या वडिलांचं नाव. त्यानं नंबरही घरचाच दिलेला. मेसेज वडिलांनी उघडला: "नमस्कार विलासजी, आपली बाकी..." त्यांनी आपली उधारी आठवड्यापूर्वीच रोख चुकती केली होती. ते तावातावानं दुकानात आले. हिशोब दाखवल्यावर कळलं की बाकी पोराची आहे, आणि पोरानं काजू-घनसाळ उधारीवर नेलाय हे त्यांना माहीतच नव्हतं. पुढचं सांगत नाही.

आपल्याकडं हे होणारच, कारण दोन्ही क्रम रोजच्या वापरातले आहेत. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी. पॅनच्या फॉर्ममध्ये आडनाव, नाव, मधलं नाव असे वेगळे रकाने. आधारला नावाचा रकाना एकच, त्यात जे लिहिलं ते. म्हणजे क्रम माणसावर नाही, कागदावर ठरतो. म्हणून नाव कुठून आलं, याचा एक कॉलम यादीत आधी घाला. तेवढ्यानंच बहुतेक काम होतं.

उगम माहीत नसेल तर आडनावांची यादी करा. ज्या कागदाचा क्रम पक्का माहीत आहे, त्यातली आडनावं Surname नावाच्या वेगळ्या शीटमध्ये, एक आडनाव एकदाच, अशी लिहा. आपल्या भागात तीच ती आडनावं फिरून येतात, त्यामुळं यादी फार वाढत नाही. मग मूळ नाव A मध्ये तसंच ठेवून गूगल शीटमध्ये हे टाका:

```
B2: =TRIM(A2)
C2: =INDEX(SPLIT(B2," "),1,1)
D2: =REGEXEXTRACT(B2,"\S+$")
E2: =COUNTIF(Surname!A:A,C2)
F2: =COUNTIF(Surname!A:A,D2)
```

C म्हणजे पहिला शब्द, D म्हणजे शेवटचा. E मध्ये 1 आणि F मध्ये 0 आलं तर आडनाव पुढं आहे. उलट आलं तर मागं आहे. "संजय विलास पाटील" ला 0 आणि 1 येतं, म्हणजे पहिला शब्द नाव. दोन्हीकडं 0 किंवा दोन्हीकडं 1 आलं, तर ती ओळ हातानं बघायची. तिथं फॉर्म्युल्याला अंदाज करायला लावू नका, गिऱ्हाइकाला फोन करा. "देसाई" आणि "देसाइ" असं दोन प्रकारे लिहिलेलं असेल तरी 0 येतं, तेव्हा आधी स्पेलिंग तपासा.

आता अडचणीची नावं. "सौ." किंवा "श्री." पहिला शब्द म्हणून पकडला जातो, ते आधी काढून टाका. "संजय पाटील" असे दोनच शब्द असतील तर मधला कॉलम रिकामा ठेवायचा, पाटील तिथं सरकवायचं नाही. "नाईक निंबाळकर" सारखं दोन शब्दांचं आडनाव हातानंच करावं लागतं. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरलाय. म्हणजे चार शब्द, आणि दुसरा शब्द आईचा. उद्या शाळेच्या वह्या-दप्तराची ऑर्डर घ्याल तेव्हा तुमचे तीन कॉलम पुरणार नाहीत.

तोडून झालं की आडनावाच्या कॉलमवर फिल्टर लावा आणि नुसती यादी वाचा. त्यात "संजय", "सुनीता" दिसले की त्या ओळी उलट्या पडल्यात. मी हे मेसेज सोडायच्या आधी केलं असतं, तर ती चूक दुकानातच पकडली गेली असती.

आणि खरं विचाराल तर नुसतं "नमस्कार" म्हणून बाकी कळवायची असेल, तर नाव तोडायचंच कशाला? नवीन गिऱ्हाइकाकडून मात्र मी आता फॉर्मवरच तीन चौकोन भरून घेतो. पहिल्या चौकोनावर लिहिलंय: "तुमचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाही".