एका रात्रीचा धूर सकाळपर्यंत

‘एका रात्रीच्या फटाक्यांनी काय होतं?’ लोणी देवकरमध्ये हे मी दिवाळीत ऐकतो, आपल्या वरातींतही. मला ते पटत नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये फटाक्यांचा धूर मोजला. सर्वांत घातक निघाली आवाज न करणारी नागगोळी: पीएम २.५ कणांची पातळी ६४,५०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर! दिवसभराच्या सरासरीची आपली मर्यादा ६० आहे. नागगोळी थोड्याच वेळात विझते, धूर मात्र उरतो. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो, वाराही पडलेला असतो. ऊन चढेपर्यंत ते झाकण उघडत नाही. फजरला निघालेले दम्याचे आजोबा तोच धूर श्वासात घेतात. म्हणून दिवाळीकडे बोट दाखवण्याआधी आपल्या वरातीतले फटाके बंद करा.