भोंग्यावरचा उसना आवाज

उमरीच्या बाजारात पेरणीच्या आधी रिक्षा फिरतात, हे काही नवं नाही. वर भोंगा, मागे बॅनर आणि बियाण्याच्या दुकानाचं नाव. नवं आहे ते आवाजाचं. पूर्वी निवेदक माइकसमोर बसून बोलायचा किंवा त्याचं बोलणं मुद्रित करून पेनड्राइव्हवर दिलं जायचं. आता त्याच्या जुन्या जाहिरातीतला मिनिटभराचा स्वच्छ तुकडा संगणकाला दिला, की त्याच आवाजात हवा तो मजकूर तयार होतो. निवेदकाला बोलवायला नको, पैसे द्यायला नकोत, घसा बसला म्हणून थांबायला नको. हे स्वस्त आहे यात वाद नाही. वाद आहे तो या स्वस्ताईच्या समर्थनार्थ जे बोललं जातं, त्याच्याशी.

पहिला युक्तिवाद असा: “अहो काका, आवाजच तर घेतला, जमीन थोडीच घेतली? नकलाकार काय कमी होते आधी?”

होते. पण नकलाकार मंचावर नक्कल करतो तेव्हा ती नक्कल आहे हे समोरच्याला ठाऊक असतं. मजाच त्यात असते. माल विकण्यासाठी केलेली नक्कल निराळी, कारण ती ओळखू न येणं हीच तिची पात्रता असते. हा फरक संगणक येण्याच्या बराच आधी अमेरिकेतल्या एका न्यायालयाने केला आहे. फोर्ड कंपनीच्या गाडीच्या जाहिरातीसाठी गायिका बेट मिडलर हिला विचारलं गेलं. तिने नकार दिला. तेव्हा जाहिरातवाल्यांनी तिच्याच जुन्या साथगायिकेला बोलावलं आणि हुबेहूब मिडलरसारखं गायला सांगितलं. गाण्याचे हक्क त्यांनी रीतसर घेतले होते, मिडलरचा फोटो किंवा नाव कुठेच नव्हतं, मुद्रित आवाजही तिचा नव्हता. तरीही १९८८ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने सांगितलं की, प्रसिद्ध गायिकेच्या ओळखीच्या आवाजाची माल विकण्यासाठी मुद्दाम केलेली नक्कल म्हणजे तिच्या ओळखीचीच चोरी. पुढे तिला चार लाख डॉलर भरपाई मिळाली. जिवंत गळ्याने केलेल्या नकलेची ही गत, तर यंत्राने केलेल्या प्रतीला नकलाकारांचा दाखला देण्यात काय अर्थ आहे?

आपल्याकडेही हे दार उघडलं आहे. २६ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांना अंतरिम संरक्षण देताना त्यांच्या आवाजाची संगणकीय प्रत करणाऱ्यांना मनाई केली. २९ सप्टेंबर २०२५ रोजी आशा भोसले यांच्या बाबतीतही त्याच न्यायालयाने तसाच आदेश दिला. दोन्ही आदेश अंतरिम आहेत आणि दोन्ही नामवंतांचे आहेत, हेही सांगायला हवं. उमरी-धर्माबाद पट्ट्यात भोंग्यावर बोलणाऱ्या निवेदकाला तालुक्यातला प्रत्येक माणूस आवाजावरून ओळखत असेल, पण न्यायालयाच्या भाषेत तो नामवंत ठरेलच, याची खात्री नाही. त्याच्या हातात खरं बळ येतं ते सहीच्या कागदामुळे. म्हणून तो कागद दुकानदाराच्या ओळखीपाळखीवर सोडू नये.

इथे दुसरा युक्तिवाद पुढे येतो: “संमती आहे की! गेल्या वर्षी त्याने आमच्याकडे रेकॉर्डिंग केलंय, पैसेही घेतलेत.”

घेतले असतील. ते पैसे त्या रेकॉर्डिंगचे होते. बेव्ह स्टँडिंग नावाच्या कॅनडातल्या निवेदिकेने भाषांतराच्या कामासाठी म्हणून वाक्यं मुद्रित करून दिली होती. काही वर्षांनी टिकटॉकवर कुणीही लिहिलेला मजकूर तिच्या आवाजात वाचला जाऊ लागला, त्यात अर्वाच्य मजकूरही होता. २०२१ मध्ये ती न्यायालयात गेली, पुढे तडजोड झाली. एक वाक्य बोलायला दिलेली संमती ही न बोललेल्या हजार वाक्यांची संमती होत नाही, आणि आवाजाच्या प्रतीमध्ये सगळा धोका या न बोललेल्या वाक्यांचाच आहे.

मग संमती कशी असावी? समजा, दुकानदाराला तीस सेकंदांची जाहिरात करायची आहे. तीस सेकंदांत मराठीचे साधारण पासष्ट-सत्तर शब्द बसतात. एवढा मजकूर कागदावर पुरा लिहिता येतो, तर तो कागदाला जोडावा आणि निवेदकाने त्यावरच सही करावी. मजकुरातला एक शब्द बदलला तरी पुन्हा विचारावं. जाहिरात फक्त रिक्षावर वाजणार, की व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामवरही जाणार. उमरी तालुक्यात, की नांदेड-लातूरभर. या खरिपापुरती, की पुढच्याही. हे सगळं त्यात यावं. प्रत्येक नव्या जाहिरातीला वेगळं मानधन हवं. सगळ्यात जास्त विसरली जाणारी अट म्हणजे प्रतीची विल्हेवाट. मुदत संपल्यावर जाहिरात थांबते, पण आवाजाचा साचा स्टुडिओच्या खात्यात तसाच पडून राहतो, आणि निवडणूक आली की कुणाला तरी त्याची आठवण होते. साचा कोणाच्या खात्यात आहे, तो कधी पुसणार आणि पुसल्याचं लेखी कधी देणार, हे आधीच ठरवावं. राजकीय प्रचाराला मनाई असेल तर ती मोघम न ठेवता स्वतंत्र ओळीत लिहावी.

तिसरा युक्तिवाद मला सगळ्यात पोकळ वाटतो: “आवाज यंत्राचा आहे असं सांगितलं की जाहिरातीची हवाच जाते.”

२०२१ च्या दिवाळीत कॅडबरीने शाहरुख खानच्या चेहऱ्याची आणि आवाजाची अशीच प्रत करून, लहान दुकानदारांना आपल्या दुकानाचं नाव त्याच्या तोंडी घालता येईल अशी सोय केली होती. हे यंत्राने होतं आहे हे लपवलं नाही. उलट तीच त्या मोहिमेची गंमत होती. ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज वापरले, तेव्हा कुटुंबीयांची परवानगी घेतल्याचं आणि मोबदला दिल्याचं स्वतः जाहीर केलं. सांगितल्याने हवा जाते ती फक्त फसवणुकीवर उभ्या असलेल्या जाहिरातीची.

शेतीमालाच्या आणि बियाण्यांच्या बाजारात अशी फसवणूक कशी दिसते, तेही पाहा. भोंग्यावर रांगडा, पन्नाशीचा वाटणारा आवाज म्हणतो, “मी दोन वर्षं हेच वाण पेरतो, उगवण एकदम जोरात.” या माणसाला शेत नाही, सातबारा नाही, घसाही नाही. तरी तो ‘मी पेरतो’ म्हणतो. खऱ्या निवेदकाच्या आवाजाची प्रत वापरून हे वाक्य घातलं तर गोष्ट आणखी वाईट होते, कारण उगवण फसली की लोक दुकानदाराच्या आधी त्या निवेदकाला धरणार. केंद्र सरकारच्या जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की शिफारस ही शिफारस करणाऱ्याचं खरं मत असली पाहिजे. यंत्राला मत नसतं. म्हणून माझा आग्रह असा: बनवलेल्या आवाजाच्या तोंडी ‘मी’ने सुरू होणारा अनुभव घालूच नये, वर सूचना दिली तरीही नाही. भाव, पत्ता, वेळ, वाणाचं नाव, पोत्यावर छापलेली उगवणक्षमता, एवढं त्याने खुशाल सांगावं.

समाजमाध्यमांसाठी फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती झाली आणि कृत्रिम ध्वनीच्या सुरुवातीलाच ठळक ध्वनिसूचना अपेक्षित धरली गेली. पण ते नियम मंचांसाठी आहेत, रिक्षाच्या भोंग्यासाठी नाहीत. म्हणून भोंग्यावर सांगायचं नाही, असं थोडंच आहे? “हा आवाज संगणकावर तयार केला आहे, मूळ निवेदकाच्या संमतीने.” पाच सेकंदांचं काम आहे. ते सुरुवातीला हवं. शेवटी ठेवलं तर तोवर रिक्षा पुढच्या गल्लीत गेलेली असते.

उरला उच्चार. “लोकांना एवढं कळत नाही,” असं स्टुडिओवाले म्हणतात. लोकांना व्याकरण सांगता येत नसेल, पण कानाला खटकलेलं कळतंच. हे वाक्य घ्या: “चांगलं बियाणं, जोमदार उगवण, तुमच्या जमिनीला साजेसं वाण.” ‘चांगलं’मधला च, ‘जोमदार’, ‘जमिनीला’ आणि ‘साजेसं’ यांतला ज दंततालव्य आहे, म्हणजे जीभ दातांमागे टेकते. ‘तुमच्या’मधला च मात्र तालव्य, ‘चहा’सारखा. देवनागरीत दोन्हींना एकच अक्षर. हिंदीच्या सवयीवर वाढलेलं यंत्र पाचही ठिकाणी तालव्यच उच्चारतं आणि फक्त ‘तुमच्या’ बरोबर येतं. ‘चार पेंढ्या चारा’ हे तीन शब्द कोणत्याही आवाजाकडून वाचून घ्या. ‘चार’ आणि ‘चारा’ यांचे च सारखे आले, तर तो आवाज अजून मराठीत आलेला नाही. पुढे ‘हळद’ची ‘हलद’ होते का, ‘विज्ञान’चं ‘विग्यान’ होतं का, तेही लगेच कळतं.

यातलं काही दुरुस्त करता येतं. ‘ता. उमरी, जि. नांदेड’ लिहिलं तर यंत्र ‘ता’ आणि ‘जि’ असं अडखळतं. ‘तालुका’, ‘जिल्हा’ पूर्ण लिहावं. आकडे अक्षरांत द्यावेत, आणि २५०० ला ‘अडीच हजार’ लिहावं, कारण बाजारात कुणी ‘दोन हजार पाचशे’ म्हणत नाही. ‘चांगलं’च्या जागी ‘त्सांगलं’ लिहून पाहणारे आहेत. कधी जमतं, कधी त सुटा ऐकू येतो. नाही जमलं तर ते वाक्य खऱ्या माणसाकडून बोलून घ्यावं. आणि गावरान ठसका आणायच्या हौसेने मजकुरात ‘बरं का रं’, ‘काय रं गड्या’ पेरू नये. ती सिनेमातल्या सातारा-कोल्हापूरची बोली. ‘काय करलालास’ म्हणणाऱ्या नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याला ती परकीच वाटते. मराठवाड्याची बोली हवी असेल तर मजकूर इथल्या माणसाकडून लिहून घ्या, नाहीतर सरळ प्रमाण मराठीत बोला.

यंत्राच्या आवाजाला माझा विरोध नाही. दुकानदाराने स्वतःच्या आवाजाची प्रत करावी, सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकासाठी तीच जाहिरात तेलुगूत फिरवावी, घसा गेलेल्या निवेदकाने आपल्याच जुन्या आवाजावर कमाई चालू ठेवावी. हे सगळं चांगलं आहे. निवेदकांना मात्र एवढंच सांगणं आहे: यापुढे रेकॉर्डिंगला जाल तेव्हा पावतीवर ‘या आवाजाची संगणकीय प्रत करण्यास परवानगी नाही’ ही ओळ स्वतःच्या हाताने लिहा आणि समोरच्याची सही घ्या. परवानगी द्यायची असेल, तर तिचा दर वेगळा सांगा.