दादीसाठी चार ओळी

या सदराकडे निकाहाच्या पत्रिका येतात, शाळेचे अर्ज येतात, जमातीच्या सूचना येतात. या वेळी मिरजेकडच्या एका तरुणाने व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवायच्या स्टेटसचा कच्चा मजकूर पाठवला. दादीला जाऊन तीन वर्षं होत आली होती. सोबत एक ओळ होती: "लिहिलंय, पण वाचल्यावर माझी दादी वाटत नाही. दुरुस्त करून द्या." त्याची अडचण त्याने स्वतःच नेमकी ओळखली होती. मजकूर असा होता:

"आज माझ्या लाडक्या दादीची पुण्यतिथी. दादी, तू आम्हाला सोडून गेलीस त्याला आज तीन वर्षे पूर्ण झाली, पण तुझी आठवण आली नाही असा एकही दिवस गेला नाही. तू आमच्या घराचा आधारवड होतीस. तुझ्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून न निघणारी आहे. तुझे संस्कार आम्हाला सदैव प्रेरणा देत राहतील. तू पहाटे सगळ्यांना फजरसाठी उठवायचीस. जन्नतनशीन मरहूम दादीला भावपूर्ण श्रद्धांजली. अल्लाह तुझ्या आत्म्यास शांती देवो. अल्लाहुम्मग़फ़िर लहू. शोकाकुल: समस्त परिवार."

बरसी पाळावी की नाही, यावर आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत. तो विषय उलमांचा, त्यात आम्ही शिरत नाही. आठवण येते आणि चार माणसांकडून दुआ मागावीशी वाटते, एवढं धरून पुढे गेलो.

आधी एक साधी परीक्षा घेतली. प्रत्येक वाक्यात 'माझी दादी' काढून 'शेजाऱ्यांची दादी' घालून पाहिलं. आधारवड शेजाऱ्यांचीही होती. पोकळी त्यांच्याही घरात झाली. संस्कार त्यांनाही प्रेरणा देतात. ही वाक्यं खोटी नाहीत, पण ती वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेतून आणि चौकातल्या फलकावरून आलेली आहेत, आणि ती कुणाच्याही दादीला बसतात. शेजाऱ्यांकडे जायला नकार देणारं वाक्य सगळ्या मजकुरात एकच सापडलं: पहाटे फजरसाठी उठवण्याचं. तेही अर्धवट. बऱ्याच घरांतल्या दाद्या फजरला उठवतात. ही कशी उठवायची?

हे त्यालाच विचारलं. उत्तर आलं ते आवाजी संदेशात, आणि त्यात तो पहिल्यांदा मोकळं बोलला. दादी हाक मारायची नाही, कारण धाकटी भावंडं झोपलेली असत. ती पायथ्याशी येऊन पायाचा अंगठा ओढायची आणि हळूच म्हणायची, "चहा झाला, ऊठ." तो उठून स्वयंपाकघरात जाई तर शेगडीही पेटलेली नसे. चहा नमाजनंतरच मिळायचा. हे वर्षानुवर्षं चाललं, आणि तो दर वेळी फसला.

आम्ही पुन्हा विचारलं, दादी मराठीत बोलायची का? तर नाही. घरात दखनी. तिचे शब्द होते, "उठ बेटा, चा हुई." त्याने लिहिताना त्याचं मराठी केलं होतं, कारण स्टेटस मराठीत आहे. हे मात्र आम्ही बदललं. मजकूर मराठीत असावा, पण दादीच्या तोंडचं वाक्य दादीच्याच बोलीत राहावं. तिला ऐकलेल्या माणसाला त्या तीन-चार शब्दांत तिचा आवाज ऐकू येतो, आणि न ऐकलेल्या मराठी मित्रालाही त्याचा अर्थ सहज कळतो.

आता बाकीचा मजकूर. त्यातले काही शब्द आपल्या घरांत सर्रास चुकतात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

'मरहूम' हा शब्द पुरुषासाठी आहे, बाईसाठी 'मरहूमा'. दुआतही तसंच. 'लहू' म्हणजे 'त्याला', 'लहा' म्हणजे 'तिला'. या मुलाने दादीसाठी 'लहू' लिहिलं होतं, कारण कुणाच्या तरी दादाच्या स्टेटसवरून ते उचललेलं होतं. पुढे पाठवलेल्या मजकुरात ही गफलत फार होते. अरबी दुआ तोंडाने करावी, ती तर हवीच. पण देवनागरीत लिहिताना खात्री नसेल तर तिचा अर्थ आपल्या भाषेत लिहिलेला बरा. "अल्लाह तिची मगफिरत करो" यात लिंगही चुकत नाही आणि अक्षरंही.

'जन्नतनशीन' म्हणजे जन्नतमध्ये राहणारी. ही तर खबर झाली, आणि ती देणं आपल्या हाती नाही. आपण मागू शकतो: अल्लाह तिला जन्नत नसीब करो. 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि 'आत्म्यास शांती' हे शेजारपाजारच्या चालीतून आलेले शब्द आहेत. कुणी आपल्या माणसासाठी प्रेमाने म्हटले तर आपण ते प्रेमानेच ऐकावेत. पण आपण स्वतः मय्यतीसाठी मगफिरत मागतो, तेव्हा तोच शब्द लिहावा. 'पुण्यतिथी'च्या जागी 'दादीला जाऊन तीन वर्षं झाली' हे पुरतं.

'शोकाकुल' काढला. शरीयतमध्ये सोग तीन दिवसांचा, आणि बेवा बाईसाठी चार महिने दहा दिवस. तीन वर्षांनी आठवण असते, सोग नसतो. 'समस्त परिवार'ही काढला, कारण अंगठा समस्त परिवाराचा ओढलेला नव्हता.

सगळ्यात मोठी दुरुस्ती मात्र शब्दांची नव्हती. हा मजकूर बोलतो कुणाशी? पहिल्या वाक्यात लोकांशी, दुसऱ्यापासून दादीशी, मध्येच फलकावरच्या भाषेत पुन्हा लोकांशी, मग अल्लाहचं नाव घेऊन परत दादीशी. एवढ्याशा जागेत तोंड चार वेळा फिरतं, आणि वाचणाऱ्याला नुसतं चुकल्यासारखं वाटतं, कारण कळत नाही. स्टेटस वाचणार कोण? मामा, आत्या, कारखान्यातला मित्र, जुना शेजारी. दादी नाही. मग त्यांनाच सांगावं की माझी दादी अशी होती, आणि त्यांच्याकडेच दुआ मागावी. म्हणून सगळीकडे 'तू'चं 'ती' केलं. ज्यांच्या घरी दादीला 'त्या' म्हणतात त्यांनी 'त्या' लिहावं, फक्त शेवटपर्यंत तेच ठेवावं. 'दादी उठवायची' आणि पुढच्या ओळीत 'त्यांची मगफिरत' असं होऊ नये.

एक गोष्ट तारखेची. दादीचं इंतिकाल १३ मे २०२२ ला झालं, मगरिबनंतर. इस्लामी तारीख मगरिबला बदलते, म्हणून ती १२ शव्वाल १४४३. त्याचे अब्बा १२ शव्वाल धरतात, मुलगा १३ मे धरतो. हिजरी वर्ष जवळपास अकरा दिवसांनी लहान असतं. त्यामुळे तीन वर्षांत दोन्ही तारखांत महिनाभराचं अंतर पडलं: २०२५ मध्ये १२ शव्वाल आली ती ११ एप्रिलला. घरात दुआ एप्रिलमध्ये झाली, आणि हा स्टेटस ठेवणार मे महिन्यात. नात्यातलं कुणीतरी नक्की विचारणार, "अरे, तो दिवस तर होऊन गेला ना?" यावर उपाय सोपा आहे. मजकुरात 'आज' आणि तारीख दोन्ही लिहू नये. 'तीन वर्षं झाली' हे दोन्ही हिशेबांनी खरं राहतं.

त्याने मजकुरासोबत दादीचा फोटोही पाठवला होता. आम्ही विचारलं, दादी पर्दा करायची का? करायची. फोटो घरातल्या निकाहातला, बायकांच्या बैठकीतला. स्टेटस चोवीस तासांत जातो खरा, पण तेवढ्यात कुणीही तो उतरवून ठेवू शकतो. जिने हयातीत परक्यांसमोर चेहरा दाखवला नाही, तिचा फोटो तिच्यामागे सगळ्या ओळखीपाळखीत फिरवणं आम्हाला पटलं नाही. त्याने अब्बांना विचारलं, त्यांचंही तेच म्हणणं पडलं. मग साध्या हिरव्या पार्श्वभूमीवर नुसती अक्षरं ठेवायचं ठरलं. नुसत्या अक्षरांच्या स्टेटसला सातशे अक्षरांची मर्यादा आहे. पण मजकूर वाढेल तशी अक्षरं बारीक होतात आणि वयस्क माणसांना वाचता येत नाहीत, म्हणून मर्यादेच्या बरंच अलीकडे थांबावं.

शेवटी मजकूर असा झाला:

"दादी पहाटे पायाचा अंगठा ओढून उठवायची. म्हणायची, 'उठ बेटा, चा हुई.' जाऊन बघावं तर शेगडीही पेटलेली नसायची. चहा फजरनंतरच मिळायचा.
तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता गजर लावतो, तरी कधी कधी राहते.
अल्लाह तिची मगफिरत करो, तिला जन्नत नसीब करो. हे वाचाल तेव्हा तिच्यासाठी एक दुआ करा."

'तरी कधी कधी राहते' ही ओळ आमची नाही. आवाजी संदेशाच्या शेवटी तो हे सहज बोलून गेला होता. आम्ही ती जशीच्या तशी आत घेतली आणि ठेवायची की नाही ते त्याच्यावर सोडलं. नमाज चुकल्याचं चारचौघांत कशाला सांगायचं, असं वाटणं बरोबरच आहे. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. ती ओळ त्याने काढली आणि तिच्या जागी लिहिलं, "आता गजर लावतो, पण गजराला अंगठा ओढता येत नाही." ही आमच्यापेक्षा चांगली. उणीव कळते आणि उघडीही पडत नाही.

त्याच उत्तरात त्याने विचारलं होतं, सोलापूरला सासरी असलेल्या बहिणीनेही हाच मजकूर ठेवला तर चालेल का. आम्ही नाही म्हटलं. तिला ती पहाटे उठवायचीच नाही, कारण ती आधीच उठलेली असायची; हे त्यानेच सांगितलं होतं. मग बहिणीने स्वतः लिहून पाठवलं. त्यात आम्ही एक काना तेवढा दुरुस्त केला:

"कॉलेजला निघताना दादी माझ्या ओढणीच्या टोकाला दहाची नोट गाठ मारून बांधायची, बसला लागली तर म्हणून. पास असायचा, तरी बांधायची. अल्लाह तिच्यावर रहम करो. दुआ करा."