साखरेची तपासणी सकाळी सातला, भाषणे त्यानंतर



गावोगाव आरोग्य शिबिरे होतात. मंडप पडतो, पाहुण्यांची वाट पाहिली जाते, हारतुरे होतात, आणि बोटातून रक्ताचा थेंब काढण्याची वेळ येते तेव्हा बारा वाजलेले असतात. तोवर आलेल्या प्रत्येकाचा चहा आणि पोहे पोटात गेलेले असतात. मग यंत्रावर जो आकडा येतो त्याचा अर्थ ना घेणाऱ्याला नीट लागतो, ना देणाऱ्याला. कुणाला उगाच घाबरवले जाते, कुणाला "काही नाही, जा" म्हणून परत पाठवले जाते. आमचे म्हणणे साधे आहे. मधुमेहाची तपासणी करायची तर शिबिर सकाळी सातला, उपाशीपोटी सुरू झाले पाहिजे. भाषणे नंतर होऊ द्या. आणि शिबिरात जे दहा मिनिटांचे बोलणे होते त्यात लक्षणांची यादी वाचून दाखवण्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे : या रोगाची बहुतेक लक्षणे उशिरा येतात.

हे असे का, ते समजून घेऊ. पिकाच्या पानावर पिवळेपणा दिसतो तेव्हा उत्पन्नातली घट आधीच सुरू झालेली असते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून तर पेरणीआधी मातीचा नमुना तपासायला देतो. शरीराचेही तसेच आहे. आपले मूत्रपिंड रक्त गाळते, पण रक्तातली साखर ते लघवीत जाऊ देत नाही, सगळी परत रक्तात घेते. १०० मिलिलिटर रक्तात साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे साखर गेली की मग मात्र ती परत घेणे त्याला झेपत नाही आणि उरलेली लघवीतून जाऊ लागते. पाझर तलाव भरत राहतो, पण पाणी सांडव्याच्या पातळीला येईपर्यंत सांडव्यावरून थेंबही जात नाही. तसेच हे.

साखर लघवीत गेली की ती पाणी ओढून नेते. म्हणून वारंवार लघवीला होते, रात्री दोन-तीनदा उठावे लागते, घसा कोरडा पडतो. अन्न अंगी लागत नाही म्हणून भूक वाढते आणि तरी वजन उतरते. लघवीच्या जागी मुंग्या लागतात. गावातल्या जुन्या माणसांनी ही खूण बरोबर ओळखली आहे. पण मुंग्या लागल्या याचा अर्थ सांडवा वाहू लागला. त्याआधी कित्येक वर्षे तळे भरत आले होते. वय वाढले की अनेकांच्या बाबतीत हा सांडवा आणखी उंच होतो, म्हणून साखर बरीच वाढूनही म्हाताऱ्या माणसाला काहीच जाणवत नाही. नुसती लघवी तपासून "साखर नाही" असे कुणी सांगितले तर त्यावर विसंबू नका, ते याचसाठी.

दुसरी अडचण आपल्या कामाची आहे. वैशाखात बांधावर राबणाऱ्याला तहान लागणारच. उसाच्या तोडणीत थकवा येणारच, सुगीत वजन उतरणारच, चाळिशीनंतर नजर थोडी अधू होणारच. प्रत्येक लक्षणाला आपल्याकडे एक तयार कारण आहे, आणि म्हणून लक्षण समोर असूनही दिसत नाही. बायकांचे तर आणखी अवघड. जिथे शौचालयाची सोय नाही तिथे त्या पाणीच कमी पितात आणि रात्रीची लघवी दाबून ठेवतात. विचारले तर "मला काही त्रास नाही" म्हणतात.

मग लवकर दिसणारे असे काही आहे का? थोडे आहे. मानेच्या मागे आणि काखेत कातडी काळी, जाड, मखमलीसारखी होते. मळ समजून कितीही घासली तरी निघत नाही. साखर हाताळणारा जो रस शरीर बनवते, म्हणजे इन्सुलिन, त्याचा शरीरावर परिणाम कमी होऊ लागल्याची ही खूण असू शकते. पुरुषाला किंवा बाईला लघवीच्या जागी पुन्हा पुन्हा खाज येणे, गळवे वरचेवर होणे, पायाला लागलेले आठ-पंधरा दिवसांत न भरणे, तळव्यांना मुंग्या किंवा जळजळ, ही बाकीची. पायाची बधिरता शेतकऱ्याने हलकी घेऊ नये. चप्पल पायातून निसटली आणि कळले नाही, उसाच्या खोडक्याने तळवा चिरला आणि घरी आल्यावर रक्त पाहून समजले, असे झाले तर त्याच आठवड्यात साखर तपासा. ज्या पायाला काटा कळत नाही, तो पाय जखमेसकट चालत राहतो.

आणखी एक गैरसमज पुसला पाहिजे. "आम्ही काटक माणसं, साखर शहरातल्या जाड्या लोकांना होते." पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि मुले यांचा अभ्यास चालवला. त्यात दिसले की आपली बाळे वजनाने कमी असतात, पण त्या कमी वजनातही चरबीचा वाटा मोठा असतो. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट' या साप्ताहिकात स्वतःच्याच अंगाची मोजणी छापली. उंचीच्या हिशेबात दोघांचे वजन अगदी सारखे, पण इंग्रज डॉक्टरच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरच्या अंगात २१.२ टक्के. काटा सारखाच, आतले पीक वेगळे. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप घ्या आणि कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर अंग बारीक दिसले तरी तपासणी हवी. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला साखर असेल, किंवा बाळंतपणाच्या वेळी वाढली असेल, तर नक्कीच हवी.

आता एक उदाहरण हिशेबासाठी घेऊ. समजा ४२ वर्षांचा एक शेतकरी आहे. कंबर ९६ सेंटिमीटर, आईला मधुमेह, त्रास काहीच नाही. साडेअकराला चहा-पोहे खाऊन तो शिबिरात आला आणि यंत्रावर आकडा आला १६८. याला मधुमेह म्हणायचे का? नाही. सोडून द्यायचे का? तेही नाही. केव्हाही घेतलेल्या रक्तात १४० किंवा त्याहून जास्त दिसले की त्या माणसाला पक्क्या तपासणीला पाठवायचे, इतकाच त्या आकड्याचा अर्थ.

पक्की तपासणी म्हणजे रात्री जेवल्यानंतर किमान आठ तास पाण्याशिवाय काही न घेता, सकाळी शिरेतले रक्त प्रयोगशाळेत देणे. एक कप चहानेही हिशेब बिघडतो. या शेतकऱ्याचा उपाशीपोटीचा आकडा ११२ आला. मग त्याला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजले, दोन तास बसवून ठेवले, बिडी ओढू दिली नाही आणि पुन्हा रक्त घेतले. आकडा १७६. उपाशीपोटी १०० च्या आत आणि दोन तासांनी १४० च्या आत ही निरोगी माणसाची मर्यादा. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० झाले की मधुमेह. हा गडी मधल्या पट्टीत सापडला, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

उंबरठ्यावरचा माणूस मागे फिरू शकतो. चेन्नईच्या डॉक्टरांनी अशाच लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. रोजचे चालणे आणि खाण्यातला बदल एवढ्यावर तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. पण समजा आपल्या शेतकऱ्याने काही केले नाही. वर्षाने उपाशीपोटी आकडा १३१ आला. त्रास नसताना एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, म्हणून आठवड्याने पुन्हा पाहिले, १२८ आला. आता मधुमेह पक्का. लक्षात घ्या, तरी त्याला तहान नाही, मुंग्या नाहीत, तो रोज शेतात जातो आहे. लक्षणाची वाट पाहिली असती तर आणखी किती वर्षे गेली असती आणि तेवढ्यात डोळ्याच्या पडद्याचे, मूत्रपिंडाचे, पायाच्या नसांचे काय झाले असते, याचा विचार करा. एकदा "साखर नाही" आले की जन्माची सुटका झाली असे नाही. तिशीनंतर दरवर्षी एकदा पाहायचे. वर्षाला एक सकाळ.

तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी नावाची तपासणीही आहे. तिला उपास लागत नाही. ६.५ किंवा पुढे मधुमेह धरतात. पण अंगात रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल तर तिचा आकडा फसवतो. आपल्या आदिवासी भागात आणि बायकांच्या बाबतीत हे विसरू नये. तिथे उपाशीपोटीचीच तपासणी भरवशाची.

शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांना काही सूचना. बोट साबण-पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करायला लावा. गुळाचा किंवा आंब्याचा हात तसाच टोचला तर आकडा खोटा वाढतो आणि ओल्या बोटाने रक्त पातळ होऊन तो खोटा उतरतो. बोट पिळून पिळून थेंब काढू नका. प्रत्येकाला नवी सुई, यात तडजोड नाही. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावा, डबी उन्हात ठेवू नका आणि तिच्यावरची मुदत पाहा. आकड्यासोबत शेवटचे खाणे किती वाजता झाले ते लिहा. त्याशिवाय आकडा म्हणजे एकर न सांगता सांगितलेले उत्पन्न.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, एक वही ठेवा. ज्यांचा आकडा मर्यादेपुढे आहे त्यांची नावे लिहा आणि पंधरा दिवसांत त्यातले किती जण पक्क्या तपासणीला गेले ते आशाताईंसोबत बसून पाहा. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा सरकारी कार्यक्रम उपकेंद्रापर्यंत आहे आणि ती तपासणी मोफत आहे. पट्ट्या नाहीत म्हणून परत पाठवले तर तारीख घालून लेखी मागणी करा. त्या वहीत माणसांची खाजगी गोष्ट आहे, म्हणून ती चावडीवर वाचायची नाही.

किती लोकांना तपासले हे शिबिराच्या फलकावर लिहिले जाते. आम्ही पुढच्या बैठकीत वेगळा आकडा विचारणार आहोत : पुढे पाठवलेल्यांपैकी किती जण पोहोचले? तो आकडा घेऊन या.